१५ लाखांना ४९ टक्के? थांबा, आधी हे गणित करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण सोलापूरच्या एका ताईंची केस घेतली होती. वेळ कमी पडला आणि आकडे भराभर गेले, म्हणून इथे तेच सगळं सावकाश, कागद-पेन घेऊन करूया. ताईंचं नाव देत नाही, आणि समजायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल केलेत.

ताईंचा धंदा शेंगदाणा चटणीचा. सुरुवात घरातल्या उखळात झाली. आता भाड्याचा गाळा आहे, सहा बायका कामाला आहेत आणि सोलापूर-पंढरपूर भागातली दुकानं माल घेतात. महिन्याला साधारण ५ लाखांची विक्री, म्हणजे वर्षाला ६० लाख. पुण्याचा एक होलसेल व्यापारी त्यांना भेटला आणि म्हणाला, "ताई, माल एक नंबर आहे. मी १५ लाख टाकतो, पुण्यातली दुकानं पण मिळवून देतो. मला ४९ टक्के द्या. ५१ तुमचेच, म्हणजे मालक तुम्हीच."

ताईंनी मला फोन केला तेव्हा मसुदा तयार होता, फक्त सही बाकी होती. त्या म्हणाल्या, "सर, ५१ माझ्याकडे राहतात ना, मग काय अडचण आहे?"

अडचण आहे, आणि ती एकाच आकड्यात नाही. ४९ बरोबर की चूक, ते आपण सगळ्यात शेवटी बघू. टक्का हा आधी ठरवायचा आकडाच नाही. त्याच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरं लागतात: पैसे नक्की कशाला हवेत, धंद्याची किंमत काय, आणि समोरचा पैशाशिवाय काय देणार.

पहिला प्रश्न: १५ लाख कशाला?

मी ताईंना विचारलं, "१५ लाखांचं काय करणार?" त्या म्हणाल्या, "धंदा वाढवणार." हे उत्तर चालत नाही. आम्ही बसून यादी केली. रोस्टर, कांडप यंत्र आणि पाऊच पॅकिंग मशीन मिळून ७ लाख. पुण्यातली दुकानं ४५ दिवसांच्या उधारीवर माल घेणार. तिथे महिन्याला ३ लाखांची विक्री धरली तर दीड महिन्याचे साडेचार लाख कायम बाजारात अडकलेले राहणार, म्हणून उधारीसाठी ५ लाख. उरलेले ३ लाख पुण्यात पाय रोवायला: सॅम्पल, रॅक, सहा महिन्यांसाठी एक सेल्समन.

आता बघा, हे तीन खर्च एका जातीचे नाहीत. मशीन ही दिसणारी वस्तू आहे. उद्या काही झालं तर ती विकता येते, बँक ती तारण धरते, आणि ती आली की दुसऱ्या महिन्यापासून काम करते. पुण्याचा खर्च तसा नाही. चटणी पुण्यात चालली नाही तर ते पैसे गेले. त्यासाठी कर्ज काढलं तर माल खपो न खपो, हप्ता भरावाच लागणार.

म्हणून माझा साधा नियम: जे विकून किंवा तारण ठेवून पैसे परत उभे राहतात, त्याला कर्ज. जे बुडू शकतं, त्याला भागीदाराचा पैसा. बुडण्याचा धोका वाटून घेण्यासाठीच तर आपण मालकीचा तुकडा देतो. ज्यात धोका कमी आहे तिथे तो तुकडा का द्यायचा?

ताईंनी मशीनसाठी दीड लाख घरचे घातले आणि साडेपाच लाखांचं मुद्रा कर्ज घ्यायचं ठरवलं. ११ टक्के व्याज आणि ५ वर्षं मुदत धरली तर हप्ता साधारण १२,००० रुपये. पाच वर्षांत एकूण व्याज जातं पावणेदोन लाखांच्या आसपास. महाग वाटतं ना? थांबा, याची तुलना पुढे करतो. आत्ता एवढंच लक्षात ठेवा की गुंतवणूकदाराकडून हवेत फक्त ८ लाख, १५ नाही.

दुसरा प्रश्न: धंद्याची किंमत काय?

ताईंनी सांगितलं, "महिन्याला ८०,००० सुटतात." म्हणजे वर्षाचे ९ लाख ६० हजार. पण ताई स्वतः सकाळी सात ते रात्री आठ राबतात आणि पगार घेत नाहीत. त्यांच्या जागी मॅनेजर ठेवला तर महिन्याला ३०,००० तरी द्यावे लागतील, वर्षाचे ३ लाख ६० हजार. ते वजा केले की खरा नफा उरतो ६ लाख.

इथे बरेच जण नाराज होतात. पण हे वजा केलं नाही तर दोन नुकसान होतात. समोरचा हुशार असेल तर तो स्वतःच वजा करतो आणि तुमचा आकडा खोटा ठरतो. आणि तो हुशार नसेल तर त्याहून वाईट: पुढे तुमच्या फुकटच्या कष्टातून तयार झालेल्या नफ्यात तो दरवर्षी वाटा घेत राहतो.

आपल्यासारख्या लहान, एका माणसाच्या जिवावर चालणाऱ्या धंद्यात बोलणी बहुतेक वेळा वर्षाच्या खऱ्या नफ्याच्या तीन ते पाच पटीत होतात. हा काही कायदा नाही, बोलायला सुरुवात करायची जागा आहे. धंदा तुमच्याशिवाय आठ दिवस चालत नसेल, किंवा निम्मी विक्री एकाच गिऱ्हाईकाकडे असेल, तर तीन पट. हिशेब स्वच्छ, रिटर्न भरलेले, ब्रँडची नोंदणी झालेली आणि गिऱ्हाईकं पसरलेली असतील, तर पाचकडे सरका. ताईंचा धंदा मध्ये बसत होता. चार पट धरली: ६ गुणिले ४, म्हणजे २४ लाख.

आता सगळ्यात जास्त चूक होते ती जागा. २४ लाख ही पैसे येण्याआधीची किंमत, म्हणजे प्री-मनी. गुंतवणूकदाराचे ८ लाख आत आले की धंदा होतो ३२ लाखांचा, म्हणजे पोस्ट-मनी. त्याचा वाटा काढायचा तो या ३२ वर: ८ भागिले ३२, म्हणजे २५ टक्के. हेच ८ भागिले २४ केलं तर उत्तर ३३ येतं, आणि एका भागाकाराच्या चुकीत आठ टक्के हातातून जातात. बोलणी करताना "माझ्या धंद्याची किंमत २४ लाख" एवढंच म्हणू नका. "तुमचे पैसे येण्याआधी २४ लाख" असं म्हणा आणि तसंच लिहून घ्या.

आता व्यापाऱ्याची ऑफर उलटी करून बघू. १५ लाखांना ४९ टक्के, म्हणजे त्याच्या मते पैसे आल्यानंतरचा पूर्ण धंदा साधारण ३०.६ लाखांचा. त्यातून त्याचे १५ काढले की ताईंनी उभा केलेला धंदा उरतो १५.६ लाखांचा. म्हणजे नफ्याच्या जेमतेम अडीच पट. ताई हे ऐकून गप्प बसल्या. ४९ ऐकताना वाटलं नव्हतं, पण १५.६ ऐकल्यावर लगेच कळलं. म्हणून कुणीही ऑफर दिली की आधी हे उलटं गणित करा: पैसे भागिले टक्का, आणि त्यातून पैसे वजा.

आणि मघाची तुलना? सगळे १५ लाख त्याच्याकडून २४ च्या किमतीला घेतले असते तरी १५ भागिले ३९, म्हणजे ३८.५ टक्के गेले असते. मशीनचं कर्ज वेगळं काढल्यामुळे २५ वर भागलं. वाचले साडेतेरा टक्के. आजच्या ६ लाखांच्या नफ्यावर ते वर्षाचे ८१,००० होतात. नफा १२ लाख झाला की १ लाख ६२ हजार, आणि तेही दरवर्षी, कायमचे. कर्जाचं व्याज पाच वर्षांत संपतं. मालकीचा हप्ता कधीच संपत नाही.

५१ टक्क्यांचा भ्रम

आता ताईंच्या त्या प्रश्नाकडे येऊ: ५१ माझ्याकडे, मग काय अडचण?

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. धंदा प्रोप्रायटरशिप असेल तर त्यात "शेअर" नसतातच. त्यात कुणाला वाटा दिला की ती भागीदारी होते. मग भागीदाराने धंद्याच्या नावावर केलेली देणी तुमच्या घरापर्यंत येऊ शकतात. बाहेरचा माणूस पैसे घालत असेल तर आधी एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड करा. ताईंनी प्रायव्हेट लिमिटेड केली.

कंपनीत दोन रेषा महत्त्वाच्या आहेत. साधे ठराव निम्म्याहून जास्त मतांनी होतात, आणि संचालक नेमणं किंवा काढणं यातच येतं. मोठे ठराव, म्हणजे कंपनीची नियमावली बदलणं, नव्या बाहेरच्या माणसाला शेअर देणं वगैरे, यांना २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं लागतात. म्हणजे ज्याच्याकडे २५ टक्क्यांहून एक शेअर जरी जास्त असेल, तो एकटा हे ठराव अडवू शकतो. ४९ वाला अडवणारच. बरोबर २५ वाला एकटा अडवू शकत नाही.

दुसरी गोष्ट, हा काही शेवटचा गुंतवणूकदार नाही. दोन वर्षांनी ताईंना मुंबईत जायचं आहे, तेव्हा नवा माणूस २० टक्के घेईल असं धरा. तेव्हा सगळ्यांचे वाटे एक पंचमांशाने घटतात. ५१ चे होतात ४०.८. पहिल्याचे ४९ होतात ३९.२. नवा २०. आता पहिला आणि नवा एकत्र आले तर ५९.२, आणि ते ताईंना त्यांच्याच चटणीच्या कंपनीत संचालकपदावरून काढू शकतात. याउलट आज ७५ ठेवले, तर त्याच व्यवहारानंतर ६० उरतात. ५१ चा आकडा आजपुरता सुरक्षित असतो. पहिल्या वेळी देताना दुसऱ्या वेळेची जागा ठेवून द्या.

तिसरा प्रश्न: पैशाशिवाय काय देणार?

व्यापारी म्हणाला होता, "पुण्यातली दुकानं मिळवून देतो." हे वाक्य मसुद्यात कुठेच नव्हतं! टक्के होते, रक्कम होती, पण त्याचं काम नव्हतं.

मी स्वतः इथे पोळलोय. माझ्या दुकानाच्या सुरुवातीला ओळखीतल्या एकाने ३ लाख घातले आणि "माल स्वस्तात मिळवून देतो" या बोलीवर निम्मी मालकी घेतली. सगळं तोंडी. स्वस्त माल काही आला नाही, पण दर दिवाळीला निम्म्या नफ्यासाठी माणूस वेळेवर हजर. तो वाटा परत घ्यायला मला चार वर्षं आणि ९ लाख लागले. चूक माझी होती. कामाच्या बदल्यात द्यायचा वाटा मी काम होण्याआधीच देऊन बसलो होतो.

म्हणून ताईंच्या करारात आम्ही वाटा दोन भागांत तोडला. एकूण २५. त्यातले २० टक्के पैशांसाठी, पैसे खात्यात आले की लगेच. उरलेले ५ टक्के कामासाठी, काम झाल्यावरच. कंपनीचे १०,००० शेअर धरले तर सुरुवातीला ताईंचे ८,००० आणि त्याचे २,०००. काम झालं की ताईंच्या खात्यातले ५०० त्याच्याकडे जाणार. काम नाही झालं तर तो २० वरच राहणार.

"काम झालं" म्हणजे काय, हेही लिहिलं: १८ महिन्यांच्या आत पुण्यातली विक्री सलग तीन महिने दर महिन्याला ३ लाख. आणि विक्री म्हणजे फाडलेली बिलं नव्हेत, परत आलेला माल वजा करून खात्यात जमा झालेले पैसे. ही अट नसेल तर दुकानात माल भरून ठेवायचा, बिल फाडायचं, आणि तीन महिन्यांनी खराब पाकिटं परत, असं होऊ शकतं.

व्यापारी चिडेल अशी ताईंना भीती होती. तो थोडा कुरकुरला, पण मान्य केलं. ज्याला खरंच काम करायचं असतं त्याला ही अट जड जात नाही. आणि या एका अटीवरून जो माणूस उठून जातो, त्याने तुमचे १८ महिने वाचवले असं समजा.

टक्का कमी, पण दोरी त्याच्या हातात?

अजून एक सापळा. मसुद्यात एक यादी होती: "खालील गोष्टी गुंतवणूकदाराच्या लेखी संमतीशिवाय करता येणार नाहीत." त्यात २५,००० च्या वरचा कोणताही खर्च, कुणाचीही नेमणूक, मालाचे दर बदलणं, सगळं होतं. महिन्याला ५ लाखांची विक्री असताना शेंगदाण्याचं एक पोतं जास्त घ्यायलाही पुण्याला फोन करावा लागला असता. अशी यादी असेल तर २५ टक्केवालाच मालक असतो. म्हणून टक्क्यांइतकीच ही यादी वाचा.

अर्थात संमतीची यादी असणं चूक नाही. त्याचे पैसे आहेत, त्याला संरक्षण हवंच. पण ते मोठ्या आणि क्वचित येणाऱ्या गोष्टींसाठी असावं. ताईंच्या करारात चारच उरल्या: ब्रँड विकणं, धंदा बदलणं किंवा बंद करणं, ५ लाखांहून मोठं नवं कर्ज, आणि ताईंचा पगार ठरल्यापेक्षा वाढवणं. त्याबदल्यात ताई दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत विक्री, उधारी आणि बँक शिल्लक यांचा एक पानी हिशेब देणार. हे दोघांसाठीही चांगलं आहे.

ताईंनी बदल्यात मागून घेतलेल्या गोष्टी अशा. महिना ३०,००० पगार करारात लिहिलेला. ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर, व्यापाऱ्याच्या नाही. त्याने शेअर विकायचे ठरवले तर आधी ताईंना विचारायचं. आणि तीन वर्षांनंतर ताईंना वाटलं तर त्याचे शेअर विकत घ्यायचा हक्क, ज्याचं सूत्र आजच ठरलेलं: मागच्या दोन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या चौपट, गुणिले त्याचा वाटा. सरासरी नफा १२ लाख असेल तर धंदा ४८ लाखांचा, २५ टक्क्यांचे १२ लाख. त्याचे ८ चे १२ होतात, शिवाय मधल्या वर्षांचा लाभांश. म्हणजे त्याचंही भलं होतं. माझ्या दुकानात हे सूत्र नव्हतं, म्हणून समोरचा म्हणेल ती किंमत मला द्यावी लागली.

दोन गोष्टींना मात्र सरळ नाही म्हणालो. एक, "दरवर्षी १८ टक्के परतावा नक्की." नक्की परतावा हवा असेल तर ते कर्ज आहे, मग मालकी कशाला? दुसरी, गुंतवणुकीसाठी ताईंची वैयक्तिक हमी. धोका वाटून घ्यायला आलेला माणूस सगळा धोका परत तुमच्याच घरावर टाकतोय, असा त्याचा अर्थ होतो.

आणि हे सगळं फक्त करारात ठेवू नका, कंपनीच्या नियमावलीतही घाला. तिथे नसलेल्या अटी पुढे कंपनीवर लागू करताना वाद होतो. शेअर द्यायची प्रक्रिया, मूल्यांकनाचा अहवाल, फॉर्म हे सीए किंवा सीएसकडूनच करून घ्या, आणि पैसे फक्त बँकेतूनच घ्या. त्यांची फी जाईल, पण माझ्या ९ लाखांपेक्षा ती खूप कमी आहे.

तुमचा गृहपाठ

एका कागदावर चार ओळी लिहा. कर्जाने न भागणारी रक्कम किती. तुमचा पगार वजा करून वर्षाचा खरा नफा किती. त्याच्या तीन, चार आणि पाच पट किती, आणि प्रत्येकात ती रक्कम मिळवून टक्का किती येतो. ताईंचं उत्तर आलं होतं ३१, २५ आणि २१, म्हणजे बोलणी त्या पट्ट्यातच व्हायला हवी होती. चौथी ओळ: समोरचा पैशाशिवाय जे देणार म्हणतो, ते कोणत्या आकड्याने आणि कोणत्या तारखेला मोजता येईल. चौथी ओळ लिहिताच येत नसेल, तर त्यासाठी एक टक्काही देऊ नका.

पुढच्या व्हिडिओत गुंतवणूकदाराला दाखवायचा तो एक पानी महिन्याचा हिशेब कसा बनवायचा ते बघू. तोपर्यंत सही करायची घाई करू नका.